‘परवापर्यंत मिळेल का?’

भाचीनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘मामा, तीन दिवस झाले मागतेय. देतच नाहीत.’

मी एका कंपनीच्या एचआर विभागात आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झालो तरी नातलगांच्या लेखी माझं खातं चालूच आहे. चष्मा लावून मी ते चॅट वाचलं. मधली ‘गुड मॉर्निंग’ची फुलं वगळली तर साधारण असं होतं :

मंगळवारी सकाळी : ‘हाय मॅडम, बिझी आहात का?’
तासाभरानं : ‘बोल गं.’
‘एक लेटर हवं होतं. व्हिसासाठी.’
‘कोणतं? एक्सपिरियन्स?’
‘नाही, एम्प्लॉयमेंटचं. एनओसीपण लागेल बहुतेक. एजंटला विचारून सांगते.’
बुधवारी : ‘पगार लिहायचाय म्हणे. ८ ते १८ जाणार आहे.’
‘कुठे?’
‘जर्मनी. ताईकडे. परवापर्यंत मिळेल का?’
एक अंगठा.
गुरुवारी : ‘मॅडम, डेट्स थोड्या बदलल्या. ७ ते १९. अर्जंट आहे प्लीज.’
त्याला उत्तर नाही.

‘यात त्यांनी काय द्यायचं राहिलंय?’ मी विचारलं. ती रागावली. पण प्रश्न खरा होता. हे चॅट समोर ठेवून त्या बाईंना पत्र टाइप करायचं झालं तर पहिल्याच ओळीत हात थांबेल. पत्र कोणाच्या नावे लिहायचं? ७ ते १९, पण कोणत्या महिन्यात? पगार लिहायचा तर महिन्याचा की वर्षाचा, कापून हाती येणारा की कापण्याआधीचा? आणि ‘परवा’ म्हणजे काय? मराठीत हा शब्द मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्याही. बुधवारी लिहिलेलं ‘परवा’ एचआरच्या बाईंनी गुरुवारी वाचलं तर त्यांचा शनिवार होतो, आणि शनिवारी ऑफिस बंद. त्यांनी दाखवलेला अंगठा ‘देते’ असं सांगत होता की ‘वाचलं’ असं, हेही कोणाला ठाऊक नाही.

एचआरकडे बसून मी असे शेकडो निरोप पाहिले आहेत. माणसं आळशी नसतात, पत्र द्यायला कोणाची ना नसते. अडचण वेगळीच असते. चॅटवर आपण एका ओळखीच्या माणसाशी बोलतो, पण पत्र एक माणूस देत नाही. मागणी घेणारी बाई वेगळी, मजकूर तयार करणारा मुलगा वेगळा, नोकरीच्या नोंदी तपासणारा वेगळा आणि सही करणारे साहेब तिसऱ्याच मजल्यावर. त्या साखळीतून चॅट पुढे सरकत नाही. बाईंनी स्क्रीनचा फोटो काढून साहेबांना पाठवावा तर त्यात ‘गुड मॉर्निंग’ची फुलंही जातात. मेल मात्र जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. म्हणून मेल लिहिताना डोळ्यांपुढे ओळखीच्या बाई ठेवायच्या नाहीत. जिनं आपलं चॅट कधी पाहिलेलं नाही आणि जिला आपल्याला काही विचारायला सवड नाही, अशी तिसरी व्यक्ती ठेवायची.

पण मेल लिहायच्या आधी, मागायचं काय ते नक्की करायला हवं. भाचीला वाटत होतं की नोकरीचं पत्र म्हणजे ‘ही आमच्याकडे नोकरीला आहे’ एवढं. एवढ्या ओळीचं पत्र दिलं तर ते खोटं नाही, पण अपुरं आहे. शेंगेनच्या २९ देशांपैकी कोणाही एकाच्या वकिलातीत अर्ज गेला की तिथल्या अधिकाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात : या बाई खर्च भागवू शकतात का, आणि मुदत संपायच्या आत परत जातील का? शेंगेन व्हिसा नाकारला तर कारणांचा एक ठरीव छापील नमुना हाती येतो. मुदतीत परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका, हे त्यातलं एक कारण आहे. नोकरीचं पत्र त्या शंकेला उत्तर देतं. अमुक तारखेपासून कायम नोकरीत आहे, अमुक ते अमुक रजा मंजूर आहे, अमुक तारखेला कामावर परत हजर होणार आहे, एवढी वाक्यं असली की अधिकाऱ्याला तिच्या परतीचं कारण कागदावर दिसतं. म्हणून या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य पगाराचं नव्हे, रजेचं असतं. आणि नेमकं तेच वाक्य लोक मागायला विसरतात.

‘एनओसी’ म्हणून वेगळं काही लागतं का, हा तिचा दुसरा प्रश्न. बहुतेक वेळा ‘या प्रवासाला कंपनीची हरकत नाही’ हे वाक्य त्याच पत्रात घातलं की भागतं. एक्सपिरियन्स लेटर मात्र मागू नये. ते नोकरी सोडताना मिळतं, आणि ‘यांनी आमच्याकडे काम केलं’ असा भूतकाळ त्यात असतो. परत येण्याची हमी द्यायच्या कागदावर भूतकाळ कशाला?

मग आम्ही दोघं तिच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. पासपोर्ट, तिकिटाचं आरक्षण, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, रजेच्या अर्जाचा स्क्रीनवरचा उतारा आणि व्हिसा केंद्राची कागदांची यादी. मेल लिहायला दहा मिनिटं लागली. हे कागद एकमेकांशी जुळवायला तास गेला, आणि खरं काम तेच होतं.

पहिली खोच तारखांची निघाली. विमान मुंबईहून ७ नोव्हेंबर २०२५ च्या पहाटे होतं. त्या दिवशी शुक्रवार. पण तिनं आधीच्या बेतानुसार ऑफिसच्या रजेच्या प्रणालीत १० ते १८ नोव्हेंबर अशी रजा टाकली होती. ८ आणि ९ हे शनिवार-रविवार, म्हणून तिनं ‘८ ते १८’ असं चॅटवर लिहिलं आणि रजा सोमवारपासून घेतली. नवा बेत ७ ते १९ असा झाला तरी प्रणालीतली रजा तशीच राहिली. म्हणजे पत्र तयार करणाऱ्यानं इमानदारीनं नोंद पाहून ‘१० ते १८ रजा मंजूर’ असं लिहिलं असतं, आणि तिकीट सांगत राहिलं असतं की बाई ७ तारखेलाच देशाबाहेर आहेत. शुक्रवारी रजा नसताना विमानात बसलेली कर्मचारी परत येईल यावर अधिकाऱ्यानं का विश्वास ठेवावा? आम्ही आधी साहेबांकडून रजा वाढवून घेतली, ७ ते १९.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रणाली सुट्टीचे दिवस धरत नाही, त्यामुळे तिथे ‘रजा ९ दिवस’ असं दिसत होतं. प्रवास मात्र दोन्ही टोकं धरून १३ दिवसांचा. पत्रात दिवसांचा आकडा आला की हे दोन आकडे एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणून आकडा मागूच नये. ‘पासून’ची तारीख, ‘पर्यंत’ची तारीख आणि कामावर हजर होण्याची तारीख, इतकंच मागावं. तिच्या बाबतीत ७ नोव्हेंबर, १९ नोव्हेंबर आणि गुरुवार, २० नोव्हेंबर.

दुसरी खोच नावाची, आणि ती अस्सल मराठी घरची. तिच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात तिचं नाव व पुढे वडिलांचं नाव. ऑफिसच्या नोंदीत आडनाव आधी, मग तिचं नाव, वडिलांचं गायब. आपल्याकडे तिन्ही नावं कशीही मागंपुढं केली तरी गल्लीत सगळ्यांना कळतं. परदेशी अधिकाऱ्याला कळेलच असं नाही. लग्नानंतर ऑफिसात नाव बदललेलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर गोंधळ याहून मोठा. तिथे विवाह नोंदणीचा दाखलाही जोडावा लागतो. पत्रात नाव पासपोर्टप्रमाणे हवं, अक्षर न् अक्षर, शेजारी पासपोर्टचा क्रमांक हवा, हे मेलमध्ये स्पष्ट लिहिलं. पत्र लिहिणारा मुलगा नोंदीतलंच नाव उचलणार, कारण त्याच्यासमोर तेच असतं.

तिसरी गोष्ट पगाराची. ती कॉस्ट टू कंपनीचा वार्षिक आकडा मागणार होती, कारण तो भारदस्त दिसतो. पण सोबत पगाराच्या पावत्या आणि बँकेचा उतारा जाणार होता. अधिकारी पत्रातला आकडा त्या पावतीशी ताडून बघतो. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता हे सगळं धरलेला वार्षिक आकडा बँकेत दरमहा जमा होणाऱ्या रकमेशी कुठूनच जुळत नाही. म्हणून पावतीवर दिसणारा मासिक एकूण पगार मागितला. जाण्याचा खर्च ती स्वतः करणार होती, हे एक वाक्यही घातलं. ताई खर्च करणार असती तर गोष्ट निराळी झाली असती. जर्मनीत यजमान खर्चाची जबाबदारी घेतो तेव्हा त्याला तिथल्या कार्यालयातून वेगळं अधिकृत हमीपत्र करून घ्यावं लागतं.

आता मुदत. भाचीचं म्हणणं, ‘अर्जंट लिहिलंय की.’ एचआरच्या टेबलावर सगळंच अर्जंट असतं गं. घरभाड्याच्या करारासाठी पत्र हवं असलेला अर्जंट, गृहकर्जवाला अर्जंट, मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्जंट. ‘अर्जंट’, ‘लवकरात लवकर’, ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांत घड्याळ नसतं, त्यामुळे ते रांगेत कुठेच बसत नाहीत. रांगेत बसते ती तारीख. आणि तारीख मनानं ठरवायची नसते, मागून मोजत यायची असते.

तिची व्हिसा केंद्रातली वेळ शुक्रवार, १० ऑक्टोबरची होती. शेंगेनच्या नियमात अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि एरवी निदान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. ७ नोव्हेंबरच्या मागे १५ दिवस म्हणजे २३ ऑक्टोबर. तेव्हा भाची म्हणाली, ‘मग १० तारीख चुकली तरी आहेत की तेरा दिवस.’ कागदावर आहेत. पण निर्णयाची साधारण मुदतही १५ दिवसांचीच आहे, आणि एखादं प्रकरण जास्त तपासावं लागलं तर ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. १० ऑक्टोबरला अर्ज दिला तर १५ दिवस २५ ऑक्टोबरला भरतात. केंद्रातून अर्ज वकिलातीत जायचा आणि पासपोर्ट परत यायचा वेळ वेगळा. मध्ये दिवाळी. ४५ दिवस लागले तर तारीख २४ नोव्हेंबरला जाते, म्हणजे तेव्हा ती परत येऊन चार दिवस कामाला लागलेली असायला हवी! थोडक्यात, १० तारीख हलवण्याजोगी नव्हती. ती चुकली असती तर पुढची वेळ कधीची मिळेल तेही हातात नव्हतं.

म्हणून १० ऑक्टोबर ही खुंटी धरून मागं आलो. पत्रात चूक निघाली तर दुरुस्तीला आणि पुन्हा सहीला दोन दिवस. छापून, बाकी कागदांसोबत लावायला एक दिवस. म्हणजे ७, ८, ९ हे तीन दिवस राखीव. पत्र हाती यायला हवं सोमवार, ६ ऑक्टोबरला. दुसऱ्या बाजूनं मोजलं. तिच्या कंपनीच्या नियमानं अशा पत्राला पाच कामाचे दिवस लागतात. आम्ही बसलो होतो गुरुवारी, २५ सप्टेंबरला रात्री. मेल शुक्रवारी सकाळी गेला तर मोजणी सोमवारपासून : २९, ३०, १, मग २ तारखेला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, म्हणून तो वगळून ३, आणि पाचवा दिवस सोमवार, ६ ऑक्टोबर. दोन्ही मोजण्या एकाच तारखेवर येऊन टेकल्या. एक दिवस उशीर झाला असता तर तिला नियमाबाहेरची विनंती करावी लागली असती. ‘अर्जंट’ तिथे लिहायचं असतं, कारणासकट.

वरिष्ठाला किंवा एचआरला मुदत घालून देणं आपल्याकडे आगाऊपणाचं वाटतं. म्हणून लोक ‘जमलं तर’ लिहितात आणि मनातल्या मनात १० तारखेची धाकधूक बाळगतात. याचा एक साधा तोडगा मी नोकरीत असताना शिकलो. मुदत आपली नाही, व्हिसा केंद्राची आहे, एवढं वाक्यातून दिसू द्यायचं. ‘मला ६ तारखेपर्यंत हवं’ हे खटकतं. ‘१० तारखेला व्हिसा केंद्रात मूळ पत्र सादर करायचं आहे, म्हणून ६ तारखेपर्यंत मिळावं’ हे कोणालाच खटकत नाही. याच्या जोडीला दुसरी, अलीकडची एक तारीख द्यायची : शक्य नसेल तर कधीपर्यंत कळवावं. ही तारीख जवळजवळ कोणीच लिहीत नाही. खरं तर होकारापेक्षा नकार वेळेवर कळणं जास्त उपयोगाचं. सही करणारे साहेब परगावी आहेत हे १ तारखेला कळलं तर दुसरा सहीवाला शोधता येतो. ६ तारखेच्या संध्याकाळी कळलं तर नुसतं हळहळायचं.

तिनं लिहिलेला पहिला मसुदा दुसऱ्या टोकाला गेला होता. चॅटवर ‘बिझी आहात का’ म्हणणारी मुलगी मेलमध्ये एकदम ‘काइंडली डू द नीडफुल अॅट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स’ म्हणत होती. ‘तुमच्या सोयीनं लवकर’ असं सांगितलं की मुदतीवर आपणच पाणी सोडलं. औपचारिक म्हणजे जड नव्हे. माहिती पूर्ण, क्रम नीट आणि विनंती एका वाक्यात, इतकं झालं की मेल औपचारिक होतो. शेवटी गेलेला मेल इंग्रजीत होता, कारण तिच्या ऑफिसचा कारभार इंग्रजीत चालतो. नावं आणि क्रमांक काढून तो मराठीत देतो :

विषय : व्हिसासाठी नोकरीचे पत्र – सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४ पर्यंत मिळावे

आदरणीय मॅडम,

मंगळवारपासून चॅटवर झालेल्या बोलण्यानुसार ही विनंती एकत्र पाठवत आहे. चॅटवरच्या आधीच्या तारखा बदलल्या आहेत. कृपया खालील तारखा धराव्यात.

मला जर्मनीच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह नोकरीचे पत्र हवे आहे. व्हिसा केंद्रातील माझी वेळ शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५ ची आहे. पत्र तपासून इतर कागदांसोबत लावता यावे म्हणून ते सोमवार, ६ ऑक्टोबर, दुपारी ४ पर्यंत मिळावे ही विनंती. त्या वेळेत शक्य नसल्यास कृपया बुधवार, १ ऑक्टोबरपर्यंत कळवावे, म्हणजे मला पर्यायी व्यवस्था करता येईल.

पत्रात पुढील माहिती असावी : पासपोर्टवरील संपूर्ण नाव व पासपोर्ट क्रमांक; हुद्दा; नोकरीत रुजू झाल्याची तारीख व नोकरी कायम असल्याचा उल्लेख; मासिक एकूण पगार, ऑगस्टच्या पावतीप्रमाणे; ७ ते १९ नोव्हेंबर २०२५ ही रजा मंजूर असून २० नोव्हेंबरला कामावर हजर होणार असल्याचा उल्लेख; प्रवास वैयक्तिक, बहिणीला भेटण्यासाठी, खर्च स्वतःचा, आणि त्यास कंपनीची हरकत नाही असे वाक्य; सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, ऑफिसचा फोन व ई-मेल.

पत्र व्हिसा अधिकाऱ्यास उद्देशून असावे. सोबत पासपोर्टचे पहिले पान, रजामंजुरीचा उतारा, व्हिसा केंद्राच्या वेळेची पावती आणि कागदांची यादी जोडली आहे.

आपली,
(नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग, मोबाइल)

मेल एचआरच्या सामायिक पत्त्यावर गेला, मॅडमना आणि तिच्या साहेबांना प्रत. एकट्या मॅडमना पाठवला असता आणि त्या दसऱ्याला जोडून रजेवर गेल्या असत्या तर तो त्यांच्या पेटीत पडून राहिला असता. साहेबांना प्रत यासाठी की ‘रजा मंजूर आहे का?’ असं एचआरनं विचारायच्या आत उत्तर तिथेच असावं. मग चॅटवर मॅडमना एकच ओळ : ‘सविस्तर मेल पाठवला आहे, कृपया तोच धरावा.’ पुढे चॅटवर नवी माहिती टाकायची नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. एकदा मेल गेला की त्यानंतरचा प्रत्येक बदल त्याच मेलच्या उत्तरात. नाहीतर पत्र करणाऱ्यासमोर पुन्हा दोन खरं होतात.

विषयाच्या ओळीत मुदत लिहायचा माझा आग्रह तिला जरा अति वाटला होता. पण दिवसाला शंभर मेल येणारा माणूस आधी विषयांची यादीच वाचतो. ‘लेटर रिक्वेस्ट’ एवढंच असेल तर तो मेल यादीतल्या इतर दहा ‘लेटर रिक्वेस्ट’सारखाच दिसतो. तारीख लिहितानाही महिन्याचं नाव अक्षरांत लिहावं. तिच्या कंपनीचं मुख्य कार्यालय अमेरिकेत आहे, आणि तिथे ०६/१० म्हणजे १० जून. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एकीतली चूक दुसरीमुळे पकडली जाते. ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे शुक्रवार धरून की सोडून, हा वाद टाळायला वेळही लिहावी.

हे सगळं शेंगेनचं झालं. व्हिसा बदलला की मोजणी आणि मजकूर दोन्ही बदलतात, पद्धत तीच राहते. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाला साधारण तीन आठवडे धरतात, म्हणून तिथे मागं मोजताना १५ च्या जागी २१ दिवस घ्यायचे. कॅनडात कायम वास्तव्यासाठी एक्स्प्रेस एंट्रीतून निमंत्रण आलं तर प्रश्न रजेचा नसतोच. तिथे आत्ताच्या आणि आधीच्याही मालकांकडून पत्रं लागतात, आणि त्यात हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार नि भत्ते हे सगळं हवं असतं. निमंत्रणापासून पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. जुन्या कंपनीतल्या ज्या एचआरला तुमचं तोंडही आठवत नाही, तिच्याकडून ६० दिवसांत आठवड्याचे तास लिहून घ्यायचे म्हणजे चॅटवर ‘हाय’ करून भागणारं काम नव्हे. ‘कामाचं स्वरूप’ या शब्दांशी बहुतेक एचआर अडतात, कारण त्यांच्या ठरीव नमुन्यात तो परिच्छेदच नसतो. अशा वेळी आपल्या कामाच्या चार-पाच ओळी आपणच खऱ्याखुऱ्या लिहून, जुन्या साहेबांकडून तपासून, मेलमध्ये द्याव्यात. एचआरला त्या नुसत्या पडताळाव्या लागतात.

एचआरमधल्या मंडळींनाही एक सांगतो, कारण मीही तिथे चुकलो आहे. चॅटवर अंगठा दाखवू नका. समोरचा त्याला वचन समजतो. ‘मेलवर टाका’ एवढंही पुरत नाही, कारण समोरच्याला काय टाकायचं ते माहीत नसतं. मी शेवटच्या काही वर्षांत उत्तरादाखल सहा प्रश्न पाठवायचो : कोणता देश, कोणत्या प्रकारचा व्हिसा, व्हिसा केंद्राची तारीख कोणती, रजा कधीपासून कधीपर्यंत, पगार लिहायचा का, पासपोर्टवरचं नाव काय. त्यांची उत्तरं आली की निम्मा मेल तयार झालेला असायचा. आणि पासपोर्टचा फोटो चॅटवर मागायचा नाही. तो मेलनं, ऑफिसच्याच पत्त्यावर.

भाचीच्या मेलला सोमवारी उत्तर आलं : मिळालं, मजकूर करतो आहोत. पत्र शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला दुपारी आलं, मुदतीच्या एक कामाचा दिवस आधी. तिनं ते मला फोनवर वाचून दाखवलं. नाव बरोबर, रजा बरोबर, पगार बरोबर. रुजू झाल्याची तारीख मात्र चुकली होती. कंपनीचं दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झालं, त्या दिवशी सगळ्यांच्या नोंदी नव्या प्रणालीत गेल्या, आणि पत्रात तीच तारीख उतरली होती. सहा वर्षं नोकरी करणारी मुलगी कागदावर दोन वर्षांची झाली. पगाराच्या पावतीवर मूळ तारीख छापलेली असते, म्हणजे ही गफलत अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटली नसती. तिनं त्याच मेलला उत्तर देऊन पावती जोडली आणि एका वाक्यात दुरुस्ती मागितली. सोमवारी सही करणारे साहेब बैठकीत होते. मंगळवारी, ७ तारखेला, नवं पत्र शिक्क्यासह तिच्या टेबलावर होतं. राखून ठेवलेल्या तीन दिवसांपैकी एक असा खर्ची पडला.

शुक्रवारी सकाळी तिनं अर्ज दिला. व्हिसा आला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात, आणि ७ नोव्हेंबरच्या पहाटे ती विमानात बसली. मेलचा मसुदा तिनं जपून ठेवला आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलानं तो मागितला तेव्हा तिनं त्याला आधी विचारलं, ‘तुझी व्हिसा केंद्राची तारीख कोणती?’ त्यानं सांगितलं, ‘परवा.’